सगळ्यांना गेलेला मेल

माझी इंटर्नशिप संपायला महिनाभर उरला होता तेव्हाची गोष्ट. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी काम करत होते. केळीची टिश्यू कल्चर रोपं तयार करणारी कंपनी. एमएस्सी झाल्यावर सहा महिन्यांसाठी घेतलं होतं, आणि घेतानाच पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की मुदत संपल्यावर नोकरीची कोणतीही हमी नाही. सही करताना त्या ओळीकडे मी फारसं बघितलं नाही. पाचव्या महिन्यात मात्र ती ओळ मला पाठ झाली होती.

काम मला मनापासून आवडत होतं. सकाळी असोद्याहून एसटीने यायचं, चप्पल बाहेर काढून आतल्या स्लीपर घालायच्या, ॲप्रन, टोपी, मास्क चढवायचा आणि काचेच्या कपाटासमोर बसायचं. त्या कपाटातून स्वच्छ गाळलेली हवा अंगावर येत राहते. समोर बाटल्या, बाटल्यांत जेलीसारखं माध्यम, त्यात हिरवे कोंब. चिमटा तापवायचा, गार होऊ द्यायचा, कोंबांचा झुपका काढायचा, धारदार पातीने कोंब वेगळे करायचे, नव्या बाटलीत लावायचे. पहिल्या महिन्यात माझ्या बाटल्यांत पांढरी बुरशी इतकी यायची की मी रडकुंडीला यायचे. नंतर हात बसला. बोलणं बंद, इकडेतिकडे बघणं बंद, श्वाससुद्धा बेताने. बाटली महिनाभर स्वच्छ राहिली की आपलं बाळ न रडता झोपल्यासारखं वाटायचं.

दुपारनंतर मला आणखी एक काम लागलं होतं, ते कुणी दिलेलं नव्हतं. प्रयोगशाळेच्या बाहेरच्या खोलीत एक लँडलाइन होता. रोपं नेलेल्या शेतकऱ्यांचे फोन खरं तर विक्री विभागाकडे जायला हवेत, पण रोपांच्या पावतीवर चुकून हाच नंबर छापला गेला होता. बाकीचे तो वाजला की एकमेकांकडे बघायचे. मी उचलायचे. माहीत असेल ते सांगायचे, नसेल ते प्रयोगशाळेच्या मॅडमना विचारून परत फोन करायचे.

या मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख. कडक, कमी बोलणाऱ्या, पण शिकवताना वेळेकडे न बघणाऱ्या. एके दिवशी शेडनेटमध्ये रोपं बघताना मी धीर करून त्यांना म्हटलं, "मॅडम, मला इथेच राहायचंय. कायम."

त्या रोपाच्या मुळ्या बघत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "मग मेल टाक."

"तुम्हाला सांगितलं ना आत्ता."

"मला तोंडी सांगून काय होतं? माझ्या हातात शिफारस आहे, जागा नाही. जागा वरून मंजूर व्हावी लागते. वर मी काय दाखवू, की शेडनेटमध्ये एक मुलगी मला असं असं म्हणाली? मला मेल कर, एचआरला सीसी ठेव. काय केलंस ते लिही, काय हवंय ते लिही. आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशी नको, आत्ता लिही."

मी त्याच आठवड्यात लिहायला बसले. शाळेत रजेचा अर्ज लिहायला शिकवतात, त्याच्यापुढे माझी मजल गेली नाही. 'मी अत्यंत प्रामाणिक व मेहनती असून मला संधी दिल्यास मी त्या संधीचे सोने करीन' हे मी इंग्रजीत लिहिलं, आणि वाचल्यावर माझं मलाच हसू आलं. हे तर कुणीही लिहील. जिच्या सगळ्या बाटल्यांत बुरशी येते ती मुलगीसुद्धा लिहील.

रविवारी दुपारी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते. वडील, म्हणजे आमचे नाना, बागेतून पाणी सोडून आले आणि शेजारी टेकले.

"काय लिहू राह्यली व?"

"नोकरीसाठी मेल."

"नोकरी तं करू राह्यली ना तू?"

"नाही नाना, ते शिकाऊ आहे. आता पक्की करा म्हणून विचारायचंय."

त्यांनी लॅपटॉपच्या पडद्यात डोकावून बघितलं. "म्या तुले कधी इचारलंच नही. तू तिथी करते काय दिवसभर?"

मी सांगायला लागले. कंदाच्या आतला कोंब, तो कसा धुवायचा, बाटली, जेली, अंधार-उजेडाच्या वेळा. नाना गेली कित्येक वर्षं टिश्यूचीच रोपं लावत होते, पण ती ट्रेमध्ये येण्याआधी कुठे असतात हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

"म्हंजे शिशीत केयी?" ते ओरडलेच. "आपली बाग आधी शिशीत व्हती?"

"हो ना! एका कोंबाचे किती करायचे ते आपण ठरवायचं."

त्यांनी मला इतके प्रश्न विचारले की तोंडी परीक्षेत कुणी विचारले नसतील. बुरशी आली तर? फेकून द्यायची. सगळी? सगळी, आणि आधी उकळून. मग तुझ्या शिश्यांत येते का? आधी यायची, आता फार कमी. कशी कमी केली? मी सांगत गेले. आई आतून चहा घेऊन आली आणि दारातच ऐकत उभी राहिली. नाना शेवटी म्हणाले, "हेच लिही ना मंग. मले सांगितलं तसं."

मी तसंच लिहिलं. पहिल्या ओळीत, इंटर्नशिप कधी संपते आणि त्यानंतर पूर्णवेळ पदासाठी माझा विचार व्हावा ही विनंती. मग मी काय काय शिकले आणि काय करू शकते: माझ्या बाटल्यांतली बुरशी कशामुळे कमी झाली, नव्याने आलेल्या दोन मुलींना मी काय शिकवलं, रोप लावल्यावर पहिल्या महिन्यात काय करावं याचं एक पानाचं मराठी पत्रक तयार केलं ते. त्यानंतर एक परिच्छेद फोनचा. शेतकरी काय विचारतात, त्यातले कोणते प्रश्न परत परत येतात, आणि त्यांची उत्तरं देता देता मला प्रयोगशाळेतलं काम जास्त कसं समजलं. शेवटी, प्रयोगशाळेत जागा नसेल तर कंपनीत दुसरीकडे माझा उपयोग होत असेल तरी मी तयार आहे, आणि पंधरा मिनिटं बोलायला वेळ मिळाला तर बरं होईल. आभार. खाली नाव.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या मेलवरून पाठवायचं ठरवलं. मॅडमचा पत्ता टाकला. सीसीत 'एचआर' टाइप केलं, खाली पत्ते आले, पहिल्यावर बोट दाबलं. डोळे मिटले. सेंड.

पुढच्या क्षणी शेजारच्या टेबलावरचा संगणक टिंग वाजला. मग त्याच्या पलीकडचा. मग खिडकीतून हिशेब विभागातल्या कुणीतरी डोकावून माझ्याकडे बघितलं.

तो पत्ता एचआरचा नव्हता. एचआर सर्व कर्मचाऱ्यांना सुट्ट्या, दिवाळीची मिठाई, पाण्याची टाकी धुणे असल्या सूचना ज्या गटावर पाठवतात, तो गट होता. माझी विनंती जळगावच्या मुख्य कचेरीपासून गोदामापर्यंत, आणि बाहेरच्या सगळ्या शाखांपर्यंत, एका दमात पोचली होती.

जमीन दुभंगून मला आत घेईल तर बरं, असं झालं. मी थेट बाटल्या धुवायच्या खोलीत जाऊन उभी राहिले. तिथल्या मावशींना मेल मिळत नाही, एवढाच आधार. पाच मिनिटांत त्याही म्हणाल्या, "तू पक्की होऊन राह्यली म्हने?" ड्रायव्हरने सांगितलं होतं.

चहाच्या वेळी कँटीनमध्ये मी मान खाली घालून गेले. आणि तिथे जे झालं त्याचा मी विचारसुद्धा केला नव्हता. हिशेबातले एक वयस्कर गृहस्थ, ज्यांच्याशी मी कधी बोलले नव्हते, ते बिस्किटाचा पुडा माझ्याकडे सरकवून म्हणाले, "बेटा, मी इथे बारा वर्षं आहे, पण त्या काचेच्या खोलीत काय चालतं ते मला आज समजलं. छान लिहिलंस." गोदामातला एक जण म्हणाला, "ते मराठी पत्रक मलाही पाठवा, गाडीसोबत देतो." कुणी चिडवलं नाही असं नाही. "आमच्याही पगारवाढीचा मेल लिहून द्या" असं निदान चौघांनी म्हटलं. पण त्या चिडवण्यात काटा नव्हता.

मॅडम संध्याकाळी आल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मी सीसी म्हटलं होतं. जाहिरात नव्हे." मग हसल्या. पाच महिन्यांत मी त्यांना एवढं मोठ्याने हसताना पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एचआरच्या सरांनी बोलावलं. मी माफीची वाक्यं जुळवत गेले. सर म्हणाले, "बसा. पत्त्याचं राहू द्या, तो गट कुणालाही उघडा ठेवला ही आमची चूक, काल बंद केला. आता तुमच्या विनंतीचं बोलू."

त्यांनी मला सगळं नीट समजावलं. इंटर्नला पूर्णवेळ घ्यायचं तर तीन गोष्टी लागतात: विभागप्रमुखांची शिफारस, मंजूर असलेली रिकामी जागा, आणि मुलाखत. शिफारस मॅडमनी काल रात्रीच पाठवली होती. मुलाखत घेता येईल. अडचण मधल्या गोष्टीची होती. प्रयोगशाळेतल्या मंजूर जागा भरलेल्या होत्या. नवी जागा नव्या आर्थिक वर्षाच्या मंजुरीत मागता येईल, मिळेलच असं नाही.

माझा चेहरा पडला असावा, कारण सर लगेच म्हणाले, "थांबा, अजून एक आहे. हे वाचा." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

धुळ्याच्या शाखेच्या प्रमुखांनी माझ्या मेलला उत्तर दिलं होतं, आणि तेही सगळ्यांना. दोनच ओळी होत्या. 'शिरपूर, साक्रीकडचे आमचे शेतकरी जळगावच्या ज्या ताईंशी बोलू द्या म्हणतात, त्या ह्याच का? असल्यास, आमच्याकडची शेतकरी सेवेची जागा तीन महिने रिकामी आहे, मला त्यांना भेटायचे आहे.'

"ताई तुम्हीच ना?" सरांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो, बहुतेक."

साक्री-शिरपूरकडचे लोक मलाच का शोधत होते हे मला ठाऊक होतं. आईचं माहेर धुळ्याजवळचं. असोद्यात लग्न होऊन आल्यावर तिच्या बोलण्याला सगळे हसायचे. इकडची बोली वेगळी, तिची वेगळी. 'आहे'ला 'शे' म्हटलं की जावा तोंडाला पदर लावायच्या. हळूहळू तिने चारचौघांत इकडचंच बोलायला सुरुवात केली. पण माझ्याशी, स्वयंपाकघरात, वेणी घालताना, ती आपल्याच बोलीत बोलायची. म्हणून मला अहिराणी येते. फोनवर पलीकडचा माणूस अडखळत पुस्तकी मराठी बोलायला लागला की मी आपोआप त्याच्या बोलीवर जायचे. त्याला बरं वाटायचं, आणि तो खरी अडचण सांगायचा.

धुळ्याला मुलाखतीला आई माझ्यासोबत आली. म्हणजे ती मामाकडे जायचं निमित्त शोधत होती. बस पारोळा सोडून पुढे गेली तशी ती खिडकीशी सरसावून बसली आणि मला शेतं दाखवायला लागली, जणू मी ती पहिल्यांदाच बघत होते.

शाखेची कचेरी साधीच, दोन खोल्या आणि मागे रोपं ठेवायची सावली. प्रमुख पन्नाशीचे, उन्हाने रापलेले. त्यांनी शिक्षणाचं विचारलं, प्रयोगशाळेतलं विचारलं, मोटरसायकल येते का विचारलं. स्कूटी येते म्हटलं. मग टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी उचलला, दोन वाक्यं ऐकली आणि फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "साक्रीकडचे आहेत, चिडलेत. बोलता का?"

मी फोन घेतला. पलीकडून एकदम भडिमार. "तुमना रोपं खराब शेत! पान बठ्ठा पिवळा पडी ग्यात. आते काय करू?"

"दादा, आधी माले सांगा," मी म्हटलं, "जमीन काळी शे का?"

भडिमार थांबला. "काळीच शे. भारी जमीन."

"आनि पानी कितला टाइम सोडतस?"

त्याने सांगितलं. ठिबक रोज सोडत होता, आणि बराच वेळ. उन्हामुळे रोपं मरतील या भीतीने. मी त्याला एका रोपाच्या बुडाशी माती उकरायला सांगितली, मूठभर दाबून बघायला सांगितली. चिखलासारखा गोळा झाला. मग व्हिडिओ कॉलवर मुळी दाखवायला लावली. टोकं तपकिरी, मऊ पडलेली.

मी प्रमुखांकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. मी दादांना म्हटलं की आधी पाणी बंद करा, जादा ओल उतरून जमिनीला वाफसा येऊ द्या, साचलेलं पाणी निघायला चर काढा. औषध आत्ता काही ओतू नका, आमचा माणूस येऊन बघेल आणि मग ठरवू. नवं पान कोवळं निघतंय का? निघतंय. मग बाग जगणार.

मग तो अगदी वेगळ्या आवाजात म्हणाला, "कोन गावनी शे तू, बहीन?"

मी आईच्या गावाचं नाव सांगितलं. तर तो त्या गावातल्या एका घरचा जावई निघाला. त्यानंतरचं बोलणं केळीविषयी नव्हतं.

फोन ठेवल्यावर प्रमुख म्हणाले, "आमचा माणूस येऊन बघेल म्हणालात. तो माणूस म्हणजे तुम्ही. चालेल?"

मी लगेच हो म्हटलं नाही. एक दिवस मागितला. कारण जळगावला मॅडम होत्या. मी परत गेल्यावर त्यांना सगळं सांगितलं.

"मी पुढच्या वर्षी एक जागा मागणार आहे," त्या म्हणाल्या. "मिळाली तर ती तुझी. पण मिळाली तर. तुला खोटी आशा दाखवणार नाही."

"मॅडम, मला बाटल्या सोडवत नाहीत."

"आणि फोन?"

याचं उत्तर त्यांनीच दिलं. "बाटलीतलं रोप मी बघते. बाहेर गेल्यावर त्याचं काय होतं, ते मला कधी कुणी नीट सांगत नाही. तू सांगशील. दर महिन्याला इथे ये, तक्रारी घेऊन ये. ही अट मी एचआरला घालणार आहे."

त्यांनी खरंच घातली. मी धुळ्याला होकार कळवला. मुलाखतीचा शेरा, मॅडमची शिफारस, जागेची मंजुरी, सगळं एचआरच्या सरांनी एकत्र केलं, आणि इंटर्नशिपच्या शेवटच्या आठवड्यात नियुक्तीपत्र मेलवर आलं. पद, ठिकाण धुळे, सहा महिने परिवीक्षा, रुजू व्हायची तारीख, आणि महिन्यातून एकदा जळगाव प्रयोगशाळेत आढावा. इंटर्नशिपचं प्रमाणपत्र वेगळं. मी पत्र तीनदा वाचलं, मग होकाराचा मेल लिहिला आणि पाठवण्याआधी पत्ता इतक्या वेळा तपासला की शेजारची मुलगी म्हणाली, "आता पाठव गं, तो पळून जाणार नाही."

घरी सांगितलं तेव्हा नाना ओसरीवर होते. "धुयं?" ते म्हणाले. "लांब पडीन." मग स्वतःच म्हणाले, "पन मामा हाये तिथी." मग पुन्हा, "तिकडं पपई करतात म्हने. इचारून ठेवजो." एवढ्यातच त्यांचा मला निरोप देऊन झाला होता.

आई मात्र आतून आलीच नाही. मी स्वयंपाकघरात गेले तर ती परातीत पीठ घेऊन नुसती बसली होती, डोळे भरलेले आणि हसत. "बाई, तू मना माहेरले जाशी," ती म्हणाली. "मी निंघनू तठून, अन् तू चालनी तठे."

त्या संध्याकाळी ती ओट्यावर आली, शेजारच्या काकूंनी विचारलं, "पोरगी कुठी लागली?" आणि माझ्या आईने, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात आपल्या बोलीत उत्तर दिलं. "धुयाले! नोकरीले लागनी शे मनी पोर!" कुणी हसलं नाही. काकूंनी पेढे मागितले.

रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी साक्रीकडे गेले. शाखेतला जुना सहकारी जीप चालवत होता. त्या दादांची बाग रस्त्याला लागूनच होती. चर काढलेले, माती मोकळी झालेली. जुनी पानं पिवळीच होती, ती आता हिरवी होणार नव्हती. पण प्रत्येक रोपाच्या मध्यातून नवं पान गुंडाळीसारखं वर आलं होतं, पोपटी, ओलसर. मी वाकून एकाची मुळी बघितली. टोकाला पांढरा नवा धागा फुटला होता.

"कसं शे?" दादांनी विचारलं.

"बेस शे," मी म्हटलं, आणि हातातली माती तिथेच झटकून पुढच्या ओळीकडे गेले.